मेथीचं पिळलेलं पाणी

खामगावच्या त्या मुलींच्या वसतिगृहात साठ मुली राहायच्या, आणि त्यातल्या पंचावन्न जणी मेथीचं नाव काढलं की नाक मुरडायच्या. उरलेल्या पाच जणी लबाड होत्या. त्या नाक मुरडायच्या नाहीत, भाजी गुपचूप शेजारणीच्या ताटात सरकवायच्या. ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मग सिंधूताई तायडे स्वयंपाकाला लागल्या, आणि दोन हिवाळ्यांत अशी वेळ आली की मेथीच्या पराठ्याच्या दिवशी मुली घंटा व्हायच्या आधीच ताटं घेऊन उभ्या.

सिंधूताई ही विद्या कोणापासून लपवत नसत, उलट विचारलं नाही तरी सांगत. "कडूपणा काई जादूनं जात नाही बाई, त्याले बाहेर काढा लागते," असं म्हणून त्या नव्या मदतनीस बाईला परातीपुढे बसवायच्या. कोवळी जुडी असली तर मीठ. पानं खुडायची, देठ टाकून द्यायचे, बारीक चिरायचं, वरून मीठ चोळायचं आणि पंधरा मिनिटं तिकडे बघायचंसुद्धा नाही. पानं मान टाकतात, परातीच्या काठाला हिरवं पाणी सुटतं. ते मुठीनं पिळून काढलं की कडूपणाचा मोठा वाटा त्यासोबत मोरीत जातो. पानांत थोडं मीठ मात्र उरतं, ते ध्यानात ठेवून कणकेत मीठ टाकताना हात आखडता घ्यायचा. मेथी जून असली, कळी धरलेली असली, तर नुसतं मीठ पुरत नाही. मग उकळत्या खारट पाण्यात अर्धा मिनिट बुडवायची, झाऱ्यानं काढून लगेच गार पाण्यात टाकायची, पिळायची. आणि तरी भरवसा वाटला नाही तर दुप्पट पालक मिसळायचा. सुकी भाजी असली तर शेवटी बेसन पेरायचं. पण सगळा कडूपणा काढायचा नाही, हे त्या बजावून सांगत. सगळाच काढला तर मेथी कशाला आणली, गवत आणायचं होतं.

किती काढायचा आणि किती ठेवायचा, हे मात्र कोणाला शिकवता यायचं नाही. ते त्यांची जीभ ठरवायची. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून त्या डोळे मिटायच्या, जिभेनं टाळूला एकदा चट्ट असा चटका द्यायच्या आणि म्हणायच्या, "बरोबर हाये." मग साठ पराठे डोळे झाकून लाटा.

गेल्या मार्चमध्ये सिंधूताईंना ताप आला. आठ दिवस होता, गेला. जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला.

सुरुवातीला वाटलं, तोंड आलंय, जाईल. महिना झाला. हिंगाचा डबा नाकाशी धरला तरी काही नाही, लिंबाची फोड चोखली तर नुसती गार आणि ओली. मग कोणाला न सांगता त्या एका रविवारी अकोल्याला डॉक्टरांकडे जाऊन आल्या. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं खोटी आशा लावली नाही. "येते बऱ्याच जणांची, हळूहळू. वर्षभर वाट पाहा. वर्षानंतर मात्र..." एवढं म्हणून त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. सिंधूताईंनी पुढचं विचारलं नाही. वर्ष म्हणजे पुढचा मार्च, एवढं त्यांनी मनाशी धरलं.

तेव्हापासून त्यांचा एक नेम झाला. रोज सकाळी स्वयंपाकघरात कोणी यायच्या आत मेथीचं एक कच्चं पान जिभेवर ठेवायचं आणि चावायचं. मेथी नसली तर कढीपत्त्याचं, तेही नसलं तर कडुनिंबाचं. बावीस वर्षं ज्या कडूपणाच्या मागे हात धुवून लागल्या होत्या, तोच आता ये रे बाबा म्हणून बोलवायचा. पान चावून चावून चोथा व्हायचं. तोंडात काही नाही.

नोकरी जाईल म्हणून लपवलं, असं कोणी म्हणेल तर ते अर्धंच खरं. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली होती, लेकरू झालं नव्हतं. सिंधूताई या बाईचं जगात जे काही म्हणून होतं ते या ओट्याभोवती होतं. अमक्या गावात तहसीलदार झालेली मुलगी रस्त्यात थांबून "मावशी, तुमचा पराठा!" म्हणते, ते त्या जिभेचं होतं. ती जीभ मेली असं तोंडानं म्हणायचं म्हणजे आपण मेलो असंच म्हणायचं. त्यांच्यानं ते झालं नाही.

मग हात कामाला लावले. मिठाला चमचा ठरवला, तिखटाला वाटी. मेथीला तर हातच पुरायचा. मीठ लागलेलं पान बोटांना कळतं, ते लुळं पडतं, ओलं होतं. परातीत हात घातला आणि पान ताठ लागलं की समजायचं मीठ राहिलं, लुळं लागलं की समजायचं मीठ पडलंय. या एका खुणेवर सिंधूताईंनी सगळा हिवाळा रेटला. चाखायचं नाटकही सुरूच होतं. चिमूटभर पीठ, मिटलेले डोळे, टाळूचा चटका. "बरोबर हाये."

लाटायला असायची मंजुश्री. तिशीच्या आतली, नांदुऱ्याकडची, चार वर्षं हाताखाली. ती सिंधूताईंना काकू म्हणायची आणि त्यांच्यासारखाच टाळूला चटका द्यायला शिकली होती. एकदा तिनं विचारलं, "काकू, मी चाखू काय आज?"

"काऊन? माही जीभ काय बाजारात गेली?" सिंधूताई खेकसल्या. मंजुश्री हसली. त्यानंतर तिनं विचारलं नाही.

फेब्रुवारी अर्धा उलटला आणि ऊन तापायला लागलं. भाजीवाले पुंजाजी मागच्या दारी हातगाडी लावून म्हणाले, "ताई, आता मेथी सरत आली. कळी धरली पाहा. देऊ का दुसरं काई?"

त्या दिवशी पराठ्यांचा वार होता आणि मुलींनी तो आठवडाभर मोजला होता. "द्या," सिंधूताई म्हणाल्या. "आणि पालक बी द्या, दुप्पट."

मेथी जून, म्हणजे उकळतं पाणी. सगळं रीतीनं झालं. मोठ्या पातेल्यात मीठ घालून पाणी खळखळवलं, पानं अर्धा मिनिट बुडवली, झाऱ्यानं काढून गार पाण्यात टाकली, पिळून गोळे केले. पालकाचंही तेच. गार पाण्यातून निघालेल्या पानांत मीठ फारसं उरत नाही, म्हणून आज कणकेत मीठ पूर्ण हवं, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. परातीत कणीक घेतली, मीठ टाकलं, ओवा, तीळ, तिखट टाकलं. तेवढ्यात मागच्या दारातून पुंजाजींनी हाक मारली, एक जुडी गाडीवरच राहिली म्हणून. जुडी घेता घेता दोन शब्द झाले. परत येऊन सिंधूताईंनी भाजीचे गोळे कणकेत मोकळे केले, हात घातला, आणि हात तिथंच थांबला.

मीठ टाकलं की नाही?

बोटांना विचारलं. पानं लुळी होती. पण आज ती लुळी असणारच, उकळत्या पाण्यातून निघालेली. मीठ असो नसो, सारखीच लागणार. हिवाळाभर ज्या खुणेनं साथ दिली ती आज काहीच सांगत नव्हती.

समोर मंजुश्री पोळपाट पुसत होती. "मीठ टाकलं काय वं मी?" एवढं विचारलं असतं तर तिनं हो म्हटलं असतं, तिनं पाहिलं होतं. पण चाखून सांगणारी बाई असं कसं विचारेल? चाख की, जीभ आहे ना. त्यांनी चिमूटभर पीठ उचललं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांमागे त्या गयावया करत होत्या. काही म्हणजे काही नाही, ओलं कापड तोंडात धरल्यासारखं.

मीठ कमी पडलं तर कडूपणा वर येतो, हे त्यांना आठवलं. जून मेथी आहे, अळणी झाली तर मुली तोंडात धरणार नाहीत. खारट थोडं चालून जाईल. असा हिशेब करून त्यांनी डब्यात हात घातला आणि पूर्ण माप मीठ पुन्हा टाकलं. मंजुश्रीनं मान वर केली. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं होतं.

टाळूला चटका देऊन सिंधूताई म्हणाल्या, "बरोबर हाये. लाट."

मंजुश्रीनं तोंड मिटलं आणि लाटायला घेतलं. काकू चाखून बोलल्या होत्या.

जेवणघरात साठ ताटं लागली. पहिला घास अपेक्षानं घेतला. ही अकरावीतली, संग्रामपूरकडची, पराठ्यांसाठी सगळ्यांत पुढे बसणारी. तिनं घास तोंडात तसाच धरला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच हातात काढला. मग दुसरीनं. मग बाकांच्या त्या टोकापर्यंत मुली पाण्याचे पेले उचलायला लागल्या. कोणी ओरडलं नाही. सिंधूताईंबद्दल माया होती, म्हणून साठ मुली गप्प राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

वसतिगृहाच्या अधीक्षिका धम्मशीला मॅडम ऑफिसातून आल्या. कडक बाई, पण मनानं वाईट नाही. "काय झालं? जेवत काऊन नाही?"

अपेक्षा उभी राहिली. "मॅडम, पराठा... कसातरीच लागून राह्यला."

कसातरी म्हणजे कडूच, दुसरं काय, सिंधूताईंना वाटलं. शेवटी ती जून मेथी नडली. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या पराठ्याला कोणी कडू म्हणणार होतं. ते शब्द ऐकायच्या आधीच त्या पुढे झाल्या. "अवं, जरासा कडूपणा असतेच मेथीत. त्याच्याशिवाय काय मजा? हे पाहा, मी खातो." त्यांनी अपेक्षाच्या ताटातला पराठा उचलला, तुकडा मोडला, खाल्ला. दुसरा मोडला. शांतपणे चावत, मुलींकडे पाहत, हसत हसत अर्ध्याहून अधिक पराठा त्यांनी पाण्याच्या घोटाशिवाय संपवला. "काई तं नाही. बरोबर तं हाये."

एका मुलीनं तोंडावर हात ठेवला.

मंजुश्री दारात उभी होती. तिनं टोपलीतल्या पराठ्याचा कोपरा मोडून तोंडात टाकला आणि तिचे डोळे मिटले गेले. मग ती पुढे आली आणि सिंधूताईंच्या हातातला उरलेला तुकडा तिनं काढून घेतला. "काकू," ती इतक्या हळू बोलली की फक्त जवळच्यांनाच ऐकू गेलं, "कडू नाही हाये. खारट हाये. आगीसारखं खारट हाये. तुमाले लागलं नाही?"

सिंधूताईंनी साठ ताटांकडे पाहिलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि आत निघून गेल्या.

कोणी रागावलं नाही. धम्मशीला मॅडमनी ऑफिसात बसवून चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं. "आधी सांगायचं होतं, सिंधूताई," एवढंच म्हणाल्या. नोकरीवरून काढलं नाही. उद्यापासून स्वयंपाक मंजुश्री पाहील, तुम्ही बसल्या जागी भाजी निवडून द्या, तिला दाखवा, सांगा. "तुमच्याशिवाय हे स्वयंपाकघर कसं चालेल?" मॅडम म्हणाल्या. ते चांगल्या मनानं म्हटलेलं होतं, आणि खोटं होतं. स्वयंपाकघर दुसऱ्या दिवसापासून व्यवस्थित चाललं.

सिंधूताई खिडकीखालच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसायच्या. जुड्या सोडायच्या, पिवळी पानं काढायची, देठ खुडायचे. मंजुश्री ओट्यापाशी. सुरुवातीला ती दर दोन मिनिटांनी विचारायची, किती वेळ ठेवू, पालक किती घेऊ, बेसन कधी पेरू. सिंधूताई सांगायच्या. सांगता सांगता एक दिवस विचारणं सरलं. बावीस वर्षांचं सगळं बारा दिवसांत सांगून झालं होतं. आता किती काढायचं आणि किती ठेवायचं ते मंजुश्रीची जीभ ठरवायची. पराठे चांगले व्हायचे. मुली पुन्हा घंटेआधी उभ्या राहू लागल्या. सिंधूताईंना त्याचं बरं वाटायचं, आणि इतकं वाईटही वाटायचं की त्या मान वर करायच्या नाहीत.

नेम मात्र सुटला नव्हता. आता लपवायचंही कारण नव्हतं. एक पान पुरत नाही म्हणून त्यांनी मंजुश्रीला सांगून ठेवलं होतं, पिळलेलं पाणी फेकू नको, वाटीत ठेव. कडूपणाचा सगळा अर्क त्यात उतरतो. मिठानं सुटलेलं ते गर्द हिरवं पाणी साधा माणूस बोट बुडवून चाटेल तर त्याचं तोंड वाकडं होईल. सिंधूताई ते घोटभर प्यायच्या. मंजुश्री लाटणं हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. आशा कोणाच्या तोंडावर जास्त आहे ते कधी कळायचं नाही.

"लागलं काय काई?"

"नाही वं."

"लागन, काकू. वर्ष व्हायचं हाये अजून."

मार्च लागला. ताप आला होता ती तारीख सिंधूताईंना पाठ होती, आणि त्यांनी बोलता बोलता एकदा सांगितल्यापासून मंजुश्रीलाही. त्या दिवशी ती जरा लवकरच आली. पुंजाजींनी सरत्या हंगामातल्या, पण विहिरीकाठच्या म्हणून अजून कोवळ्या जुड्या दिल्या होत्या, सोबत पालक. मंजुश्रीचे हात भरभर चालत होते. एकीकडे पालक उकळून पिळला, एकीकडे मेथी चिरून मीठ चोळलं, तवा ठेवला. सिंधूताई देठ खुडत होत्या, पण त्यांचं सगळं लक्ष ओट्यावरच्या वाटीकडे होतं. हिरवी गर्द वाटी. आज नाही तर मग कधी?

न राहवून त्या उठल्या, ओट्याशी गेल्या, वाटी उचलली आणि एका दमात रिकामी केली.

मंजुश्री वळली. तिचा हात पुढे आला होता, पण उशीर झाला होता.

सिंधूताईंनी डोळे मिटले. थांबल्या. जिभेच्या टोकाला, कडांना, घशाशी शोधलं. काही नाही. पाणी होतं, गेलं. वर्ष झालं. डॉक्टरनं जे वाक्य अर्धं सोडलं होतं ते आता पुरं झालं, आणि ते किती साधं होतं! डोळे उघडले तर समोर मंजुश्रीचा चेहरा. बारा दिवस नव्हे, चार वर्षं जी पोर आपल्याकडे बघून चटका द्यायला शिकली, तिचा. त्या चेहऱ्यावर नाही हा शब्द पुन्हा टाकायचा सिंधूताईंना धीर झाला नाही. निदान तिला तरी आशा राहू दे. निदान एक दिवस.

त्यांनी तोंड वाकडं केलं. कडू लागल्यावर माणसं करतात तसं, ओठ ताणून, डोळे बारीक करून, अंग शहारून. बावीस वर्षं नव्या मुलींच्या तोंडावर पाहिलेलं होतं, चांगलं जमलं.

"कडू," त्या म्हणाल्या. "कडू लागलं वं, मंजू!"

मंजुश्री हसली नाही. टाळ्या पिटल्या नाहीत. मॅडमना सांगायला पळाली नाही. ती नुसती बघत राहिली, आणि मग तिचा खालचा ओठ थरथरला.

"हाव काकू," ती म्हणाली. "कडूच असते ते. लय कडू." आणि तव्याकडे तोंड करून तिनं सिंधूताईंकडे पाठ केली.

एवढ्या आनंदाला ही रडते कशी, असं वाटून सिंधूताईंनी ओट्यावर पाहिलं. परातीत चिरलेली मेथी होती. त्यांनी सवयीनं हात घातला. पानं अजून ताठ होती, बोटांना मिठाचे खडे टोचले. मीठ आत्ताच पडलं होतं. पाणी सुटलं नव्हतं, पिळायची तर वेळच झाली नव्हती. शेजारच्या ताटलीत पिळून ठेवलेले गोळे होते. एक उचलून त्यांनी चुरगाळला. रुंद, मऊ, पातळ पान. पालक. वाटीत पालकाचं पाणी होतं, गुळमट, लहान लेकरालाही पाजता येईल असं.

त्यांनी गोळा परत ताटलीत ठेवला. मंजुश्री मागे न वळता परातीतली मेथी वरखाली करत होती, उगाचच. सिंधूताई आपल्या कोपऱ्यात येऊन बसल्या आणि पुढची जुडी सोडली.

दोघींपैकी कोणी त्यावर बोललं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून वाटी ओट्यावर आली नाही. मेथीचं पाणी पिळलं की मंजुश्री ते सरळ मोरीत ओतून टाकायची, आणि सिंधूताईंनी ते कधी मागितलं नाही.